घरचा उमेदवार समोर असताना

"या जागेसाठी आमच्याकडचाच एक चांगला उमेदवारही आहे." मुलाखत संपत आलेली असताना मुलाखत घेणारा कधी कधी असे सांगून टाकतो. बाहेरून आलेला अर्जदार त्याचा अर्थ बहुधा एकच लावतो, की जागा आधीच ठरली आहे आणि आपल्याला नियमापुरते बोलावले आहे. तसे असूही शकते. पण जागा खरोखर खुली असेल, तर याच वाक्यातून अर्जदाराला कळते की त्याची तुलना शंभर अनोळखी अर्जांशी नाही, तर त्या घराला ठाऊक असलेल्या एका माणसाशी होणार आहे. या क्षणी त्याने काय उत्तर द्यावे आणि काय विचारावे, हे कळण्यासाठी आतल्या माणसाचे बळ नेमके कशात असते ते आधी पाहावे लागते.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात कामाच्या कौशल्याचे दोन भाग केले. एक भाग कुठेही चालतो: हिशेब, यंत्राचे ज्ञान, भाषा, संगणक. दुसरा भाग एकाच संस्थेत उपयोगी पडतो: कोणती फाइल कोणाच्या टेबलावर अडते, कोणत्या ग्राहकाला फोन करायचा आणि कोणाला पत्रच पाठवायचे, जुन्या यंत्राचा कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता धोक्याचा. आतला उमेदवार या दुसऱ्या भागात इतका पुढे असतो की बाहेरच्याने तिथे शर्यत लावण्यात अर्थच नसतो. कामावर रुजू होण्याआधी हे ज्ञान मिळवण्याची सोय कुठेही नाही.

या पुढे असण्याची किंमत किती, याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. व्हार्टन या अमेरिकी व्यवस्थापन संस्थेतील मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेतील २००३ ते २००९ या काळातील नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष मांडले. बाहेरून घेतलेल्यांना तशाच कामावर बढतीने आलेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळत होता. तरीही पहिली दोन वर्षे त्यांच्या कामाचे मूल्यमापन कमी भरत होते. त्यांना काढून टाकले जाण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी आणि त्यांनी स्वतः सोडून जाण्याची शक्यता २१ टक्क्यांनी जास्त होती. हे सगळे असताना कागदावर त्यांचे शिक्षण आणि अनुभव मात्र सरस होते. एका बँकेचा अनुभव सगळ्या जगाला लावता येत नाही, पण पगार जास्त आणि सुरुवातीचे फळ कमी ही शंका बाहेरचा माणूस निवडताना मुलाखत घेणाऱ्याच्या मनात असते. त्याने ही आकडेवारी वाचलेली नसली तरी एखादी फसलेली निवड त्याने पाहिलेली असतेच.

याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. बाहेरून आलेले जे लोक पहिली दोन वर्षे टिकले, त्यांना पुढची बढती आतून आलेल्यांपेक्षा लवकर मिळाली. म्हणजे बाहेरच्या माणसाची अडचण कुवतीपेक्षा सुरुवातीच्या काळाची आहे, आणि त्याच्या उत्तराचा रोखही तिथेच असावा लागतो. आपण किती मोठे आहोत हे सांगण्यापेक्षा सुरुवातीचे महिने वाया कसे जाणार नाहीत हे दाखवणे जास्त उपयोगी पडते.

आता उलट बाजूने पाहू. आतला माणूस चांगला असेल तर जाहिरात, अर्जांची छाननी, दोन-तीन फेऱ्या हा खटाटोप कशासाठी? याची कारणे साधारण चार दिसतात. पहिले कारण नियमाचे: अनेक संस्थांत ठरावीक पातळीवरची जागा बाहेर जाहीर करणे धोरणानुसार बंधनकारक असते आणि निवड मनात ठरलेली असली तरी प्रक्रिया पार पाडावी लागते. दुसरे पडताळणीचे: आतला माणूस पुरेसा वाटतो, पण बाजारात त्याहून बरे कोणी आहे का हे पाहून घ्यायचे असते. तिसरे कारण मतभेदाचे. विभागप्रमुखाला आतला माणूस हवा असतो आणि त्याच्या वरच्याला नवा, किंवा उलट. चौथे कारण बाहेरच्यासाठी सर्वांत मोलाचे आहे: कामच बदलत असते. नवा ग्राहक, नवे तंत्र, नवी शाखा किंवा वर्षानुवर्षे न सुटलेला एखादा दोष समोर असतो, आणि आतला उमेदवार जुन्या कामात पक्का असला तरी या नव्या भागात त्याची परीक्षा झालेली नसते.

यांपैकी कोणते कारण आहे हे मुलाखत घेणारा सहसा आपणहून सांगत नाही, पण नीट विचारले तर बरेचसे सांगतो. म्हणून बाहेरच्या अर्जदाराच्या उत्तराचा गाभा एका प्रश्नात असतो. त्या प्रश्नाची मांडणी मात्र जपून करावी लागते. "त्यांच्यात काय कमी आहे?" असे विचारले की मुलाखत घेणारा लगेच आपल्या माणसाच्या बाजूने उभा राहतो आणि ते स्वाभाविकच आहे. "मग त्यांनाच का घेत नाही?" हा प्रश्न तर रुसल्यासारखा ऐकू येतो. प्रश्न माणसाबद्दल न ठेवता कामाबद्दल ठेवला की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते: या पदावरच्या माणसाने वर्षभरात असे काय करून दाखवावे, जे आज होत नाही? बाहेरून कोणी आले तर त्याने सोबत काय आणावे अशी अपेक्षा आहे?

एक उदाहरण धरून हे नीट पाहता येईल. समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग तो छोट्या पुरवठादारांकडून घेतो, आपल्याकडे त्यांचे मशिनिंग करतो आणि वाहन कंपन्यांना देतो. पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी पाहणाऱ्या मॅनेजरची जागा रिकामी आहे. आतला उमेदवार आठ वर्षे याच विभागात असलेला डेप्युटी मॅनेजर आहे. भोसरी आणि तळवड्यातल्या प्रत्येक पुरवठादाराच्या मालकाला तो नावाने ओळखतो. बाहेरची अर्जदार वाळूजच्या एका कारखान्यात अकरा वर्षे गुणवत्ता विभागात काम केलेली अभियंता आहे. दुसऱ्या फेरीत प्लांट हेड तिला आतल्या उमेदवाराबद्दल सांगतात.

तिचे उत्तर असे असू शकते: "सर, हे सांगितलंत ते बरं झालं. इथले पुरवठादार आणि इथली माणसं त्यांना जितकी माहीत आहेत तितकी मला पहिल्या दिवशी माहीत असणार नाहीत, ते उघड आहे. तरी तुम्ही बाहेरही बघताय, म्हणजे या जागेवरून आणखी काहीतरी व्हायला हवं असेल. ते काय, हे सांगितलंत तर मी त्याबद्दलच बोलते."

या चार वाक्यांत बढाई नाही आणि आर्जवही नाही. आतल्या उमेदवाराची जमेची बाजू तिने आपणहून मान्य केली, त्यामुळे ती सिद्ध करण्याची गरज प्लांट हेडना उरली नाही. आता त्यांना उत्तरादाखल काहीतरी सांगावे लागते. ते म्हणतात, "ओतीव मालात पोरॉसिटी येते. पुरवठादाराकडे तपासणीत पास, आमच्याकडे मशिनिंग झालं की छिद्रं दिसतात. एट-डी रिपोर्ट येतो, बंद होतो, तीन महिन्यांनी तोच दोष परत. आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मोटर हाउसिंग सुरू होतंय. तिथे लीक टेस्ट आहे, गळती अजिबात चालणार नाही."

या उत्तरात तिला हवे ते सगळे आहे, पण त्यासाठी विषय माहीत असावा लागतो. साच्यात दाबाखाली ॲल्युमिनियम ओतताना हवा अडकली किंवा थिजताना पुरेसा दाब मिळाला नाही, तर धातूच्या आत बारीक पोकळ्या राहतात. भागाचा बाहेरचा थर त्या मानाने घट्ट असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीत तो निर्दोष दिसतो. मशिनिंगमध्ये तो थर निघाला की पोकळी उघडी पडते. म्हणजे दोष जिथे तयार होतो तिथे तो दिसत नाही आणि दिसतो तिथे तयार होत नाही. अशा वेळी पुरवठादाराच्या नावाने डेबिट नोट काढणे हा नेहमीचा उपाय असतो. पैसे वसूल होतात, एट-डीच्या आठही रकान्यांत काही ना काही लिहिले जाते, आणि साच्यातली हवा जिथे अडकायची तिथेच अडकत राहते.

इथे तिने आपला अकरा वर्षांचा सगळा प्रवास सांगितला तर संधी गेली. एकच काम, पण तपशिलाने सांगायला हवे. समजा, वाळूजला तिने अशाच दोषावर काम केले होते. मशिनिंगनंतर बाद होणारा माल शंभरात चारच्या आसपास होता. तिने पुरवठादाराच्या यंत्राशेजारी तिन्ही पाळ्यांत थांबून नोंदी घेतल्या. बाद माल मुख्यतः रात्रपाळीतला निघाला, कारण त्या पाळीत साच्याच्या हवा जाण्याच्या वाटा साफ करण्याचे काम टळत होते. साफसफाई दर पाळीच्या सुरुवातीला सक्तीची केली, दाबाच्या नोंदी पाळीनुसार मागवल्या आणि ठरावीक नगांमागे एक नग कापून पाहण्याची पद्धत बसवली. आठ महिन्यांत बाद माल शंभरात एकाच्या खाली आला. आणि शेवटी एक वाक्य, जे बहुतेक उमेदवार गाळतात: काय जमले नाही. एका पुरवठादाराचे यंत्रच जुने होते, तिथे फरक पडला नाही आणि तो भाग दुसऱ्याकडे हलवावा लागला. या वाक्याने बाकीचे सगळे खरे वाटू लागते.

आतल्या उमेदवाराचे नावही न घेता तिने स्वतःचा वेगळेपणा दाखवला आहे. तो पुरवठादारांना ओळखतो, तिने पुरवठादाराच्या यंत्राशेजारी रात्रपाळी काढली आहे. ही तुलना प्लांट हेडनी मनात करायची असते, तिने बोलून दाखवायची नसते.

उत्तराचा हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा बहुतेक अर्जदारांच्या लक्षात येत नाही, कारण तो त्यांच्याबद्दल नसतोच. बाहेरच्याची निवड झाली तर डावललेला आतला माणूस काय करेल, ही मुलाखत घेणाऱ्याची खरी काळजी असते. बहुधा तो त्याच विभागात, नव्या माणसाच्या हाताखाली काम करणार असतो. कॉर्नेल विद्यापीठातील जे. आर. केलर आणि कॅथरिन डलुगोस यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतील नाकारलेल्या अंतर्गत अर्जांचा अभ्यास करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागा दुसऱ्या आतल्या माणसाला गेली तेव्हाच्या तुलनेत बाहेरच्याला गेली तेव्हा नाकारलेले कर्मचारी कंपनी सोडून जाण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. संबंधित अधिकाऱ्याने ज्यांची मुलाखत घेतली होती, ते आधीच्याच टप्प्यावर गाळलेल्यांपेक्षा जास्त टिकले. पुढेमागे आपलीही पाळी येईल अशी आशा कर्मचाऱ्याला वाटली तर तो थांबतो, आणि बाहेरच्याच्या निवडीने ती आशा मावळते, असा या निष्कर्षांमागचा विचार आहे.

चाकणच्या उदाहरणात याचा अर्थ असा, की प्लांट हेडना एका जागेसाठी एक माणूस घेताना दुसरा अनुभवी माणूस गमावण्याची भीती आहे. नवी मॅनेजर पुरवठादारांना ओळखत नाही, आणि ओळखणारा डेप्युटी दोन महिन्यांत राजीनामा देऊन गेला, तर विभागच उघडा पडेल. म्हणून तिने हा विषय स्वतः काढणे फायद्याचे ठरते. तेही आश्वासन देऊन नाही, अनुभव सांगून: पूर्वी आपल्याहून ज्येष्ठ किंवा डावलल्या गेलेल्या सहकाऱ्याबरोबर काम करण्याची वेळ आली होती का, तेव्हा कामाची वाटणी कशी केली, तो माणूस पुढे राहिला की गेला. असा अनुभव नसेल तर निदान प्रश्न तरी विचारता येतो: "ज्यांची निवड होणार नाही, त्यांची विभागातली जबाबदारी पुढे काय असेल?" मुलाखत घेणाऱ्याने यावर विचारच केला नसेल, तर तो तिथेच करू लागतो, आणि त्या विचारात ती सहभागी असते.

आणखी एक अडथळा अगदी व्यवहाराचा आहे आणि भारतात तो विशेष मोठा आहे. आतला माणूस सोमवारपासून नव्या खुर्चीवर बसू शकतो. बाहेरच्याचा नोटीस पीरियड अनेक खासगी कंपन्यांत ९० दिवसांचा असतो. जागा आधीच रिकामी असेल आणि ग्राहकाच्या तक्रारी येत असतील, तर हे तीन महिने कुठल्याही पदवीपेक्षा जड जातात. यावर खोटे सांगून चालत नाही, कारण तारीख चुकली की पहिल्याच महिन्यात विश्वास जातो. आपल्या कंपनीत मुदत कमी करून मिळते का, उरलेल्या रजा त्यात धरता येतात का, उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटका होते का, याची चौकशी मुलाखतीपूर्वीच करून ठेवलेल्या अर्जदाराला "साठ दिवसांत नक्की, कदाचित पंचेचाळीस" असे ठाम सांगता येते. "बघतो, बोलून पाहतो" या उत्तरापुढे आतला उमेदवार काही न बोलता जिंकतो.

पगाराचे वेगळे आहे. आतल्या उमेदवाराचा उल्लेख ऐकताच काही अर्जदार आपला आकडा खाली आणतात. हे घाईचे ठरते. बाहेरचा महाग पडतो हे कंपनीला आधीपासून ठाऊक असते आणि ते धरूनच तिने बोलावलेले असते. मागणी आपणहून कमी केली की आपल्याला स्वतःचीच खात्री नाही असा संदेश जातो. क्वचित तो उल्लेख आकडा पाडण्यासाठीच केलेला असतो. पगाराची बोलणी सुरू झाल्यावरच आतल्या माणसाची आठवण निघाली, तर तसे समजायला जागा आहे. अशा वेळी आकड्यावर न बोलता कामाच्या आवाक्यावर बोलणे बरे.

मुलाखतीनंतरची मेल हा उत्तराचा लेखी भाग. ती दुसऱ्या दिवसापर्यंत जावी, कारण फेऱ्या संपल्या की निवड करणारे लवकरच एकत्र बसतात आणि त्या बैठकीत आतल्या उमेदवाराबद्दल बोलणारे दोघे-तिघे तरी असतात. बाहेरच्याच्या बाजूने बोलायला फक्त हा मजकूर असतो. प्रत्यक्षात ती बहुधा इंग्रजीत लिहिली जाते, तिचा आशय मराठीत असा होईल: "काल आपण सांगितलेत की मशिनिंगनंतर उघडी पडणारी पोरॉसिटी आणि पुढच्या वर्षीच्या मोटर हाउसिंगची लीक टेस्ट हे या पदापुढचे दोन मुख्य प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर मी केलेले काम काल सांगितलेच. दुसऱ्याबद्दल, मोटर हाउसिंगवर मी थेट काम केलेले नाही, पण गळतीची चाचणी असलेला पंपाचा भाग दोन वर्षे सांभाळला आहे. पहिल्या तीन महिन्यांत मी काय करेन याचे एक पान सोबत जोडत आहे. आपल्या विभागातील अनुभवी सहकाऱ्यांच्या माहितीशिवाय ते पूर्ण होणार नाही, याची मला कल्पना आहे."

सोबतचे ते एक पान म्हणजे कामाचा आराखडा. पहिल्या महिन्यात गेल्या वर्षभराचा बाद माल पुरवठादार, भाग आणि पाळी यांनुसार मांडणे, आणि सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या तीन पुरवठादारांकडे डेप्युटीसोबत जाणे. दुसऱ्या महिन्यात त्यांपैकी एकाकडेच पूर्ण लक्ष. तिसऱ्या महिन्यात मोटर हाउसिंगच्या पुरवठादाराची उत्पादनाआधीची तपासणी. इतके पुरे. दहा पानांचा आराखडा पाठवणाऱ्याने कारखाना न पाहताच निदान केले असे दिसते. शिवाय फुकटात सल्ला मिळवण्यासाठी असे आराखडे मागणाऱ्या कंपन्याही असतात, हे धरून चालावे.

आराखडा लिहिताना एक मर्यादा काटेकोर पाळावी लागते. आपले म्हणणे पटवण्यासाठी सध्याच्या कंपनीचे अहवाल, ग्राहकांची नावे, रेखाचित्रे किंवा पुरवठादारांचे दर दाखवण्याचा मोह होतो. तो कराराचा भंग तर असतोच, पण त्याहून वाईट म्हणजे समोरच्याला कळते की हा माणूस उद्या आपलेही कागद असेच बाहेर नेईल. पद्धत सांगावी, टक्केवारी ढोबळ सांगावी, नाव सांगू नये.

हे सगळे नीट केले तरी जागा खरोखर खुली नसेल तर उपयोग होत नाही. ती खुली आहे की नाही याच्या खुणा शोधल्या तर दिसतात, मात्र एकट्या खुणेवर भिस्त ठेवू नये. जाहिरात चार-पाच दिवसच चालली, अटींमध्ये एखाद्या विशिष्ट माणसाच्या बायोडेटाशी जुळणारे विचित्र बारकावे आहेत, मुलाखत वीस मिनिटांत आटोपली, प्रश्न बायोडेटातल्या ओळी वाचून दाखवण्यापलीकडे गेले नाहीत, नोटीस पीरियड विचारलाच नाही, असे तीन-चार प्रकार एकत्र आले तर प्रक्रिया नियमापुरती असण्याचा संशय रास्त ठरतो. उलट, मुलाखत घेणाऱ्याने कामातली अडचण मोकळेपणाने सांगितली, पुढच्या फेरीची तारीख दिली, कारखाना दाखवला, वरच्या अधिकाऱ्याची गाठ घालून दिली, तर आतला उमेदवार कितीही चांगला असला तरी निर्णय झालेला नाही. निर्णय झाल्यावर कोणी प्लांट हेडचा अर्धा तास खर्ची घालत नाही.

सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत हा प्रश्न या रूपात फारसा येत नाही. तिथे किती जागा पदोन्नतीने आणि किती सरळसेवेने भरायच्या हे सेवाप्रवेश नियमांतच ठरलेले असते, म्हणून आतला आणि बाहेरचा सहसा एकाच जागेसाठी समोरासमोर येत नाहीत. खासगी कंपन्या, शिक्षणसंस्था, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि परदेशातील बहुतेक नोकऱ्यांत मात्र ते येतात. अमेरिकेत परदेशी कर्मचाऱ्याला कायम निवासासाठी पुरस्कृत करायचे असेल, तर बहुतेक प्रकरणांत कंपनीला त्याच्या जागेची जाहिरात देऊन पात्र स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचे दाखवावे लागते. तिथे काम करणारे अनेक मराठी अभियंते अशा जाहिरातींतले आतले उमेदवार असतात, आणि ती वाचून अर्ज करणाऱ्याला याची कल्पना नसते.

निवड आतल्या उमेदवाराची झाली, असे कळवणारी मेल आली तरी प्रकरण तिथे संपतेच असे नाही. समाजशास्त्रज्ञ हॅरिसन व्हाइट यांनी १९७० च्या 'चेन्स ऑफ अपॉर्च्युनिटी' या पुस्तकात अमेरिकी चर्चमधील धर्मगुरूंच्या बदल्यांचा अभ्यास करून दाखवले, की एक जागा भरली की भरणाऱ्याची जुनी जागा रिकामी होते, ती भरली की आणखी एक, आणि ही साखळी बाहेरचा माणूस आत येईपर्यंत किंवा एखादे पद रद्द होईपर्यंत चालते. चाकणच्या कारखान्यात डेप्युटी मॅनेजर झाला तर त्याची जागा रिकामी होणार, आणि पोरॉसिटीचा प्रश्न तर तसाच असणार. म्हणून नकाराच्या मेलला दोन ओळींचे उत्तर द्यावे: निवड झालेल्यांचे अभिनंदन, आणि या विभागात किंवा मोटर हाउसिंगच्या नव्या कामासाठी दुसरी जागा निघाली तर कळवावे ही विनंती. डेप्युटीची जागा तिच्या सध्याच्या पदापेक्षा खालची असेल तर ती घ्यायची की नाही हे तिने ठरवायचे. नव्या प्रकल्पासाठी स्वतंत्र पद निघाले, तर मात्र प्लांट हेडकडे एका पानाचा आराखडा आधीच आलेला असतो, आणि त्या जागेसाठी आतला उमेदवार असेलच असे नाही.